नमस्कारासोबतच विनंती : पहिला मेसेज कसा लिहावा

मराठी पत्राचा जुना मायना 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांवर उभा आहे : साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नमस्कार झाला की त्याच ओळीत विनंती सुरू होते. समोरच्याने 'नमस्कार, बोला' असे उत्तर पाठवावे आणि मग विनंती लिहावी, अशी सोय पत्रात नव्हतीच. भारतात 1 जुलै 1879 ला पोस्टकार्ड आले, तेव्हा ते एका पैशाला मिळत असे. अकोटहून अकोल्याला निघालेले कार्ड पोचायला आणि त्याचे उत्तर यायला दिवस लागत. म्हणून नुसता 'रामराम' लिहिलेले कार्ड कोणी पेटीत टाकले नाही. क्षेमकुशल, काम आणि आशीर्वाद एकाच कार्डावर बसवले जात.

मोबाइलवर नव्याने मेसेज लिहू लागलेल्या माणसाकडून नेमकी ही जोडी तुटते. तो पहिल्या मेसेजमध्ये 'रामराम साहेब' किंवा 'जय गजानन' एवढेच लिहितो आणि उत्तराची वाट पाहतो. यामागे उद्धटपणा नसतो; उलट दारात आल्याबरोबर काम सांगू नये, आधी बसावे, पाणी घ्यावे, मग विषय काढावा, हा वऱ्हाडातला चांगला रिवाज त्यामागे असतो. समोरासमोर तो रिवाज बरोबरच आहे, कारण 'रामराम'ला 'रामराम' मिळायला क्षणही लागत नाही. फोनवरही तसेच. मेसेजचे मात्र तसे नाही. तो आला तेव्हा समोरचा माणूस मोकळा असेलच असे नाही, आणि त्याचे उत्तर गेले तेव्हा पाठवणाऱ्याच्या हातात फोन असेलच असेही नाही. दिसायला मेसेज बोलण्यासारखा असला तरी त्याचा स्वभाव पत्राचा आहे.

एका फेरीत किती वेळ जातो, हे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या उदाहरणावरून नीट दिसते. इकडे शेतीसल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला, सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला मेसेज करण्याची पद्धत आता रुळली आहे. समजा, मोर्शी तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराने सकाळी साडेसहाला 'रामराम साहेब' पाठवले. तज्ज्ञाने ते नऊला पाहिले आणि 'रामराम, बोला' लिहिले. तोवर बागायतदार मळ्यात पोचलेला असतो आणि तिथे रेंज नसते. दुपारी घरी आल्यावर तो लिहितो, 'संत्र्याची फळं गळून राहिली.' तज्ज्ञ तेव्हा शिवारफेरीत असतो. संध्याकाळी तो विचारतो, 'बहार कोणता? बाग किती वर्षांची?' ते उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाते. मग फोटो मागितला जातो, मग आधी काय फवारले ते विचारले जाते. खरा सल्ला तिसऱ्या दिवशी येतो. यात आळस कोणीच केलेला नाही. तीन दिवस फेऱ्यांनीच खाल्ले, आणि तेवढे दिवस फळे गळतच राहिली.

यातली पहिली फेरी वाचवणे सगळ्यांत सोपे. नमस्कार आणि गरज एकाच मेसेजमध्ये लिहिली की ती वाचते. उरलेल्या फेऱ्या वाचवण्यासाठी मात्र समोरचा माणूस काय विचारणार, याचा थोडा अंदाज लागतो. त्यासाठी तज्ज्ञ कसा विचार करतो, ते माहीत असले पाहिजे.

संत्र्याचा अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीनंतर तोडणीला येतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्याची फळे गळतात, आणि त्या गळीची कारणे निरनिराळी असतात. पावसाने ओढ दिली आणि मग एकदम झोडपले, किंवा झाडाला अन्न कमी पडले, तर फळ डागाशिवायच सुटते. ही नैसर्गिक गळ. झाडावर वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, राहिल्या असतील तर त्यांवरची बुरशी फळाच्या देठाशी पोचते आणि फळ देठाकडून तपकिरी-काळे होऊन पडते. सततच्या पावसात जमिनीजवळची फळे कुजतात, ती आणखी वेगळी बुरशी. फळाला टाचणीएवढे भोक असेल आणि दाबल्यावर त्यातून रस येत असेल, तर रात्री येऊन रस शोषणाऱ्या पतंगाचा संशय येतो. कापल्यावर आत अळ्या दिसल्या तर फळमाशीचा. प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. पतंगावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही, आणि पाणी साचून फळे गळत असतील तर कोणतीही फवारणी करण्याआधी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते.

'फळं गळून राहिली, काय फवारू?' या वाक्याला म्हणूनच उत्तर देता येत नाही. प्रश्न खराच असतो, पण त्यात कारण ओळखण्याजोगे काही नसते. ते शोधायचे तर मेसेज लिहिण्याआधी पाच मिनिटे झाडाखाली बसावे लागते. कालपासून पडलेली दहा फळे उचलावीत. प्रत्येकाचा देठ पाहावा, साल फिरवून भोक आहे का ते पाहावे, दोन-तीन फळे आडवी कापावीत. मग किती फळे देठाशी काळी, किती बिनडागाची आणि किती भोकाची, हे आकडे होतात. या पाच मिनिटांचे मोल त्यानंतरच्या सगळ्या मेसेजांपेक्षा जास्त आहे, कारण 'बरीच खराब आहेत' या शब्दांवरून तज्ज्ञाला काही ठरवता येत नाही आणि 'दहात सहा' यावरून पुष्कळसे ठरवता येते.

आता तोच मेसेज असा होतो :

'रामराम साहेब. मी (नाव), (गाव), ता. मोर्शी. अंबिया बहाराची संत्री गळून राहिली, कारण काय असन आणि काय करावं, हे विचारायचं होतं. बाग 9 वर्षांची, 250 झाडं, काळी भारी जमीन, ठिबक. 6 दिवसांपासून गळ आहे. त्याआधी 4 दिवस सलग पाऊस झाला, खालच्या बाजूच्या झाडांपाशी पाणी साचलं होतं आणि तिथंच गळ जास्त आहे. एका झाडाखाली रोज 15-20 फळं पडतात. काल 10 फळं पाह्यली : 6 देठापाशी काळी, 3 बिनडागाची, 1 ला भोक. कापून पाह्यलं, अळी नाही. सल यंदा काढली नाही. 20 दिवसांपूर्वी एक फवारणी केली, डबीचा फोटो सोबत पाठवतो. परवा सकाळी पंप लावायचा विचार आहे, उद्या सांजपर्यंत सांगितलं तरी चालते.'

हा मेसेज लांब वाटतो, पण वाचायला अर्धे-पाऊण मिनिट लागते. त्यातली प्रत्येक गोष्ट तज्ज्ञाचा एकेक प्रश्न आधीच संपवते. दहात सहा फळे देठापाशी काळी, सल काढलेली नाही आणि आधी सलग पाऊस झालेला, यावरून संशय बुरशीजन्य गळीकडे जातो. पाणी साचलेल्या खोलगट भागात गळ जास्त, म्हणून निचऱ्याचा मुद्दा पुढे येतो. अळी नाही, म्हणून फळमाशी बाजूला पडते. तज्ज्ञाला अजून एखादा प्रश्न विचारावासा वाटेलही, पण पाच प्रश्नांचा एक झालेला असतो आणि पहिल्याच उत्तरात तो निदान एवढे सांगू शकतो की पडलेली फळे गोळा करून बागेबाहेर नेऊन पुरा, खालच्या बाजूने चर काढा, आणि फवारणीचे संध्याकाळपर्यंत सांगतो.

मेसेजमधला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सुरुवातीला रामराम आहे. तो गाळलेला नाही आणि गाळण्याचे कारणही नाही. कोणी 'जय गजानन' लिहील, कोणी 'जय भीम', कोणी 'सलाम'. दोन शब्दांच्या नमस्काराने वेळ जात नाही. वेळ जातो तो नमस्कारानंतर थांबल्याने. त्याच्या पाठोपाठ नाव, गाव आणि तालुका येतो, कारण तज्ज्ञाच्या फोनमध्ये हा नंबर साठवलेला नसतो आणि दिवसाला असे अनेक अनोळखी नंबर येतात. तालुका कळला की जमीन कशी आणि या आठवड्यात तिथे पाऊस किती झाला असेल, याचा त्याला निम्मा अंदाज येतो. वरुडची बाग आणि अकोटची बाग त्याच्या डोळ्यांपुढे वेगवेगळी उभी राहते.

लगेच तिसऱ्या जागी प्रश्न येतो, तपशील नंतर. फोनच्या बंद पडद्यावर मेसेजच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळींत संत्रा आणि गळ हे दोन शब्द असले तर तज्ज्ञाला मेसेज न उघडताही विषय कळतो, आणि तो कापसाच्या माणसाकडे पाठवायचा की संत्र्याच्या, हेही तिथेच ठरते. अनेक जण आधी सगळी हकीकत सांगून शेवटी प्रश्न विचारतात. पारावर बसून सांगताना ते शोभते. मेसेजमध्ये वाचणारा प्रश्नापर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्या कामाला बोलावला जातो.

आधी केलेली फवारणी लपवू नये. दुकानदाराच्या सांगण्यावरून काहीतरी मारले, ते चुकीचे निघाले तर साहेब रागावतील, या भीतीने हा भाग पुष्कळदा गाळला जातो. पण तेच औषध पुन्हा सांगितले जाणे किंवा त्याच्याशी न जुळणारे औषध सांगितले जाणे, हा धोका रागापेक्षा मोठा आहे. औषधाचे नाव आठवून लिहिण्यापेक्षा डबीवरच्या लेबलाचा फोटो बरा; एका अक्षराच्या चुकीने औषध बदलते.

शेवटचे वाक्य वेळेचे आहे. 'अर्जंट' किंवा 'लवकर सांगा' या शब्दांतून काही कळत नाही. 'परवा सकाळी पंप लावायचा आहे' असे लिहिले की आपले उत्तर किती वेळात कामाचे आणि केव्हा निरुपयोगी, हे तज्ज्ञाला कळते. दुसऱ्याच्या वेळेचा मान राखण्याचा हा एक चांगला मार्ग आहे, कारण ठरवण्याची मोकळीक त्याच्याकडेच राहते.

फोटोंविषयी थोडे सविस्तर. तीन फोटो पुरतात आणि ते लांबून जवळ या क्रमाने असावेत : पूर्ण झाड, जमिनीसकट; मग गळ जास्त आहे ती फांदी; मग देठाशी काळे पडलेले फळ आणि त्याच्या बाजूला कापलेले फळ. शेवटच्या फोटोत फळाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की डागाचा आकार कळतो. सकाळच्या उजेडात, उन्हाकडे पाठ करून, फळ तळहातावर न घेता गोणपाटावर किंवा कागदावर ठेवून फोटो घेतला तर रंग खरा येतो. संध्याकाळी फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत तपकिरी डाग काळा दिसतो आणि निदान तिथेच चुकते. मजकूर आधी पाठवावा आणि फोटो लगेच मागोमाग. नुसता फोटो पाठवणे हा नुसत्या रामरामचाच दुसरा अवतार आहे; फोटो पाहून समोरच्याला 'काय झालं?' असे विचारावेच लागते.

ज्यांना टाइप करणे जड जाते, त्यांनी बोलून पाठवण्यात कमीपणा काही नाही, मात्र ऐकणाऱ्याची अडचण लक्षात ठेवावी. तज्ज्ञ बैठकीत असेल तर तो वाचू शकतो, ऐकू शकत नाही. म्हणून एक ओळ तरी लिहावी, 'रामराम साहेब, (गाव), ता. मोर्शी, संत्रा फळगळ, सविस्तर बोलून पाठवतो', आणि मग वरच्याच क्रमाने मिनिटाच्या आत बोलावे. त्याआधी आकडे कागदावर मांडून ठेवले तर बोलणे भरकटत नाही. कीबोर्डवरच्या माइकने बोलून मराठी मजकूर तयार करता येतो, तोही चांगला उपाय आहे. फक्त पाठवण्याआधी तो एकदा वाचावा. आकडे, औषधांची नावे आणि आपल्याकडचे खास शब्द तिथे हमखास बिघडतात. पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यावर बोट दाबून धरले की ती सोय दिसते. पुसून नव्याने पाठवण्यापेक्षा हे बरे, कारण पुसलेल्या मेसेजची खूण मागे राहते आणि काय पुसले असेल, असा विचार वाचणाऱ्याला पडतो.

हीच रीत कपाशीलाही लागू पडते, फक्त मोजायची गोष्ट बदलते. अकोला, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे सप्टेंबरपासून गुलाबी बोंडअळीचे मेसेज सुरू होतात आणि त्यांतले बहुतेक 'बोंडअळी आली, काय मारू?' असे असतात. तज्ज्ञाला इथे अळी आहे की नाही यापेक्षा किती आहे ते हवे असते, कारण फवारणीचा निर्णय नुकसानीच्या पातळीवर ठरतो. शेतात आडवेतिडवे फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे तोडावीत आणि फोडून पाहावीत. बाहेरून पाहून चालत नाही. अळी आत शिरली की छिद्र बुजते आणि बोंड निरोगी दिसते. 20 पैकी 2 बोंडांत अळी निघाली तर प्रमाण 10 टक्के झाले, आणि ती फवारणी करण्याची पातळी मानली जाते. कामगंध सापळे लावले असतील तर सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडणे, ही दुसरी खूण. 'रामराम साहेब, ता. तेल्हारा, कपाशी 95 दिवसांची, 20 बोंडं फोडली, 3 मधे गुलाबी अळी, डोमकळ्या पण दिसून राहिल्या, फवारणी करू का आणि कोणती?' एवढ्या एका मेसेजचा एका उत्तरात निकाल लागतो. डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, हा शब्द शेतकऱ्याने स्वतः लिहिला तर तज्ज्ञाला आणखी खात्री पटते की पाहणाऱ्याने खरोखर पाहिले आहे.

गावाच्या किंवा पिकाच्या ग्रुपवर प्रश्न टाकताना हा नियम जास्तच पाळावा लागतो. ग्रुपवर नुसता रामराम टाकला की पन्नास जण रामराम घालतात आणि खरा प्रश्न त्याखाली गाडला जातो. उत्तर एका दिवसात आले नाही तर 'साहेब?' किंवा नुसते प्रश्नचिन्ह पाठवू नये. आपल्याच पहिल्या मेसेजवर रिप्लाय करून नवी माहिती जोडावी, 'काल 20 पडत होती, आज 35 पडली', म्हणजे जुना मजकूर वर शोधत बसावे लागत नाही आणि आठवणही होते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एखाद्याच्या घरी दुःख झाले असेल तर पहिल्या मेसेजमध्ये आपले काम घालू नये; तिथे नुसती विचारपूस हाच पूर्ण मेसेज. ज्या ज्येष्ठ माणसाशी जुना जिव्हाळा आहे, त्याला कामासाठी मेसेज करण्यापेक्षा फोन करून आधी घरच्यांची चौकशी करणे त्यालाही आवडते. काही रोग मेसेजवर ओळखताच येत नाहीत. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागला असेल तर साल खरवडून आतला भाग पाहावा लागतो. तेव्हा पहिल्या मेसेजमधली गरज 'काय मारू' ही नसून 'बाग पाहायला कधी येता येईल, किंवा नमुना कुठं आणू' ही असली पाहिजे. आणि फवारणी करताना कोणाला चक्कर, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा घाम येऊ लागला, तर मेसेज लिहिण्यात एक मिनिटही घालवू नये. फवारणी थांबवून माणसाला सावलीत आणावे, औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, 108 ला फोन करावा आणि दवाखान्यात जाताना औषधाची डबी सोबत न्यावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न कोणते औषध होते हाच असतो, आणि त्याचे उत्तर डबीच्या लेबलावर असते.